प्रगतिपुस्तकातले शेरे आणि पालकांना कळणारी सहा वाक्ये

दिवाळीच्या सुट्टीच्या आगेमागे प्रथम सत्राचे प्रगतिपुस्तक घरी येते. पालकाने सही करायची आणि ते शाळेत परत द्यायचे, असा रिवाज आहे. त्यामुळे घरात उरतो तो त्याचा मोबाइलवर काढलेला फोटो. जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांत हा फोटो बराच प्रवास करतो. बाप नारायणगावला टोमॅटोच्या बाजारात हमालीला असतो, थोरला भाऊ मंचरला किंवा मुंबईला कामाला असतो, मूल आश्रमशाळेच्या वसतिगृहात असते आणि आई गावात. फोटो सगळ्यांकडे पोचतो, पण त्यातल्या नोंदी वाचून त्यांचा अर्थ सांगणारा माणूस प्रत्येक घरात असतोच असे नाही. मग तो फोटो गावातल्या एखाद्या शिकलेल्या माणसाकडे येतो. बरोबर एकच प्रश्न असतो : ‘यात काय लिहिलंय ते जरा थोडक्यात सांगा.’

हे ‘थोडक्यात’ सांगणे दिसते तितके सोपे नाही. गेली काही वर्षे मी अशा फोटोंतल्या नोंदी उतरवून पालकांसाठी त्यांचा गोषवारा तयार करतो आहे. त्यातून हाती आलेली पद्धत आणि तिच्या मर्यादा या लेखात मांडायच्या आहेत. चुकीच्या गोषवाऱ्याची किंमत मोठी असते. जिल्हा परिषदेच्या पुष्कळ छोट्या शाळा चौथीपर्यंतच आहेत. पाचवीला मुलगी आश्रमशाळेत जाणार, मोठ्या गावच्या हायस्कुलात जाणार की घरी राहणार, हा विचार त्या वर्षी घरात सुरू असतो. अशा वेळी ‘लेखनात सुधारणा आवश्यक’ या तीन शब्दांचा अर्थ कोणी ‘पोरगी कच्ची आहे’ असा सांगितला, तर निर्णयाचे पारडे तेवढ्याने झुकू शकते.

नोंदी येतात कुठून

जुन्या प्रगतिपुस्तकात गुण, वर्गातला क्रमांक आणि खाली एका ओळीचा शेरा असे : ‘प्रगती समाधानकारक’, ‘अभ्यास वाढवावा’. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा कायदा २००९ साली झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्यात मुलाच्या आकलनाचे सातत्यपूर्ण व सर्वंकष मूल्यमापन करावे असे सांगितले आहे. त्याला अनुसरून महाराष्ट्र शासनाने २० ऑगस्ट २०१० रोजी निर्णय काढला आणि पहिली ते आठवीच्या प्रगतिपुस्तकाचे रूप पालटले. गुणांऐवजी अ-१ पासून इ-२ पर्यंत नऊ श्रेणी आल्या. मूल्यमापनाचे दोन भाग झाले : वर्षभराच्या निरीक्षणावर, तोंडी कामावर, उपक्रम-प्रकल्प-स्वाध्यायांवर आधारलेले आकारिक आणि सत्राच्या शेवटी होणारे संकलित. शिवाय वर्णनात्मक नोंदींचे रकाने आले : ‘विशेष प्रगती’, ‘आवड / छंद’ आणि ‘सुधारणा आवश्यक’.

याच कायद्याच्या २४व्या कलमात शिक्षकांची कर्तव्ये दिली आहेत. त्यांत पालकांच्या नियमित सभा घेऊन मुलाची उपस्थिती, शिकण्याची क्षमता, शिकण्यातली प्रगती आणि इतर संबंधित माहिती त्यांना सांगणे हेही एक कर्तव्य आहे. म्हणजे नोंद लिहून काम संपत नाही, ती पालकाला सांगायची असते. गोषवारा करणारा माणूस ही सभा जिथे नीट घडत नाही तिथे मधला पूल होतो. शिक्षकाची जागा त्याने घ्यायची नाही, हे भान पुढच्या प्रत्येक पायरीवर लागते.

नोंदींचे स्वरूप समजायला साधा हिशोब पुरे. चौथीला मराठी, गणित, इंग्रजी, परिसर अभ्यास, कला, कार्यानुभव आणि शारीरिक शिक्षण असे सात विषय धरा. प्रत्येक विषयाला एक नोंद आणि तीन सर्वसाधारण रकान्यांच्या तीन, अशा एका मुलाच्या एका सत्राच्या दहा नोंदी झाल्या. शाळेत वीस मुले असतील तर वर्षाच्या दोन सत्रांत चारशे वाक्ये लिहावी लागतात, आणि लिहिणारे शिक्षक एक किंवा दोन. त्यामुळे तयार वाक्यांच्या याद्या शिक्षकांमध्ये फिरतात आणि त्यांतली वाक्ये उतरवली जातात, यात नवल नाही. शिक्षकाला दोष देण्यात अर्थ नाही. मात्र पत्रकातली सगळी वाक्ये सारख्या वजनाची नसतात, हे गोषवारा करणाऱ्याने धरून चालले पाहिजे.

फोटो आणि उतारा

पहिली चूक होते ती फोटोतच. प्रगतिपुस्तक दोन पानांचे उघडे ठेवून एकच फोटो काढला की मधल्या घडीत रकान्याच्या कडेची अक्षरे गडप होतात. इंग्रजीत नकार बहुधा वाक्याच्या मध्यावर येतो. मराठीत तो शेवटी येतो, आणि वाक्याचा शेवट नेमका घडीत किंवा पुढच्या ओळीत जातो. ‘शाब्दिक उदाहरणे सोडवता येत’ एवढेच दिसले, तर पुढे ‘आहेत’ आहे की ‘नाहीत’ आहे हे कळायला मार्ग नाही. तसेच डाव्या कडेला ‘अनियमित’मधला ‘अ’ कापला गेला की उरते ते ‘नियमित’. सारा अर्थच उलटतो.

म्हणून प्रत्येक पानाचा वेगळा फोटो, खिडकीजवळच्या उजेडात, मोबाइल कागदाला समांतर धरून काढायला सांगावा. प्लास्टिकचे आवरण असेल तर ते काढावे आणि फ्लॅश बंद ठेवावा, कारण चकाकीखाली निळी शाई पुसल्यासारखी होते. व्हॉट्सॲपवर फोटो साधा पाठवला तर तो दाबून लहान केला जातो आणि अनुस्वार, मात्रा, रफार यांची हानी होते. तोच फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवला तर मूळ स्वरूपात येतो. आणखी एक काळजी : पहिल्या पानावर जन्मतारीख, आधार क्रमांक, विद्यार्थी क्रमांक अशी माहिती असू शकते. नोंदींसाठी तिची गरज नाही. ते पान मागवूच नये, आणि आलेच तर पुढे पाठवू नये.

दुसरे काम उताऱ्याचे. काही शाळांची पत्रके संगणकावर छापलेली असतात. त्यांतली अक्षरे ओळखायला मोबाइलमधली किंवा ‘टेसरॅक्ट’सारखी मोफत आज्ञावली उपयोगी पडते, कारण ती मराठी छापील मजकूर बऱ्यापैकी वाचते. हस्ताक्षरापुढे मात्र ती हात टेकते. ‘ब’चा ‘व’ होतो आणि देवनागरी ‘१’चा इंग्रजी नऊ होतो. श्रेणीच्या रकान्यात ही गडबड विशेष घातक ठरते. म्हणून हाताने लिहिलेले हातानेच उतरवावे.

उतरवताना नियम एकच : जसे आहे तसे. शुद्धलेखन सुधारायचे नाही, वाक्य पूर्ण करायचे नाही, आणि न लागलेल्या शब्दाच्या जागी अंदाज न लिहिता प्रश्नचिन्ह ठेवायचे. प्रत्येक नोंदीसमोर ती कोणत्या रकान्यातली, कोणत्या विषयाची आणि कोणत्या सत्राची, हे लिहायचे. पुढे गोषवाऱ्यातल्या कुठल्याही वाक्यावर बोट ठेवून ‘हे कुठून आणले?’ असे कोणी विचारले, तर या उताऱ्यातली ओळ दाखवता आली पाहिजे.

नोंदींचे वजन

आता एक पत्रक घेऊ. ते कोणा एका मुलीचे नाही. दोन-तीन पत्रकांतल्या नोंदींसारख्या नोंदी एकत्र करून, नाव-गाव न ठेवता ते उदाहरणासाठी मांडले आहे. डिंभे धरणाच्या वरच्या अंगाच्या एखाद्या वाडीतली, चौथीतली मुलगी, प्रथम सत्र. उतारा असा :

विशेष प्रगती : ‘परिसरातील वनस्पतींची नावे व उपयोग सांगते. कविता तालासुरात म्हणते.’
आवड / छंद : ‘चित्रे काढणे, गोष्टी ऐकणे.’
सुधारणा आवश्यक : ‘वाचन व लेखन यात सुधारणा आवश्यक. नियमित उपस्थिती आवश्यक.’
मराठी, श्रेणी ब-२ : ‘परिच्छेद वाचून प्रश्नांची उत्तरे तोंडी सांगते. लिहिताना जोडाक्षरे चुकतात.’
गणित, श्रेणी क-१ : ‘हातच्याची वजाबाकी करताना चुका करतो.’
परिसर अभ्यास, श्रेणी अ-२ : ‘माहिती मिळवून वर्गात सांगते.’
उपस्थिती : जून १३ पैकी १३ दिवस, जुलै २६ पैकी १५, ऑगस्ट २३ पैकी २२, सप्टेंबर २४ पैकी २३.

हे भरभर वाचून कोणी असा गोषवारा देईल : ‘मुलगी चित्रकलेत हुशार आहे, पण वाचन, लेखन आणि गणितात कच्ची आहे. शाळेत नियमित जात नाही.’ दोन वाक्यांत चार चुका आहेत. ‘हुशार’ आणि ‘कच्ची’ हे शब्द पत्रकात कुठेच नाहीत. चित्रे काढणे ही तिची आवड म्हणून नोंदवली आहे. ती त्यात पारंगत आहे, असे कोणी म्हटलेले नाही. वाचनाबद्दल पत्रकात दोन वेगवेगळ्या गोष्टी आहेत आणि त्यांतली एकच उचलली गेली. उपस्थितीचा कोठा तर वाचलाच गेला नाही.

यावर उपाय म्हणजे नोंदी आधी तीन गटांत लावणे. पहिला गट कृतीच्या नोंदींचा. मूल अमुक करते किंवा अमुक करताना चुकते, असे त्यात दिसते. ‘लिहिताना जोडाक्षरे चुकतात’ ही कृतीची नोंद आहे. ती घरी वही उघडून पडताळता येते. दुसरा गट सर्वसाधारण नोंदींचा : ‘वाचन व लेखन यात सुधारणा आवश्यक.’ ती कुठल्याही मुलाला लागू पडेल. तिसरा गट आवडीचा आणि स्वभावाचा : ‘गोष्टी ऐकणे’, ‘शांत स्वभाव’. गोषवाऱ्याचा कणा पहिल्या गटाने बनतो. दुसऱ्या गटातल्या नोंदी आपण फेकून देत नाही, त्यांचे शिक्षकांना विचारायचे प्रश्न करतो. तिसरा गट एखाद्या वाक्यात येतो किंवा सोडला जातो. तो ‘गुण’ म्हणून मात्र सांगायचा नाही.

रकान्याच्या नावावर विसंबू नये, हेही इथे दिसते. मुलीची सगळ्यात उपयोगी उणीव ‘सुधारणा आवश्यक’मध्ये नसून मराठीच्या नोंदीत आहे. तिचे सगळ्यात मोठे बळही त्याच नोंदीत आहे : परिच्छेद वाचून ती उत्तरे तोंडी सांगते. म्हणजे तिला वाचलेले समजते. मग ‘वाचनात सुधारणा’ याचा अर्थ काय? कदाचित वेग कमी असेल, कदाचित प्रकट वाचनात ती अडखळत असेल, कदाचित ते वाक्य यादीतून आले असेल. पत्रकावरून हे ठरवता येत नाही. अशा वेळी नेमकी नोंद पुढे ठेवायची आणि मोघम नोंदीचा प्रश्न करायचा, हा माझा नियम आहे.

तयार वाक्य ओळखायच्या काही खुणा असतात. एकच वाक्य दोन विषयांत किंवा दोन्ही सत्रांत शब्दशः येते. सख्ख्या भावंडांच्या पत्रकांत तीच वाक्ये दिसतात. आणि मराठीची खास खूण म्हणजे क्रियापदाचे लिंग. वरच्या उताऱ्यात सगळीकडे ‘सांगते’, ‘म्हणते’ आहे, पण गणितात ‘चुका करतो’ आहे. मुलीच्या पत्रकात ‘करतो’ आले, तर ते वाक्य दुसरीकडून उतरवले असण्याची शक्यता वाढते. उतारा जसा आहे तसा करायचा, तो यासाठीही. ‘करतो’चे ‘करते’ करून आपण शुद्धलेखन सुधारले असते आणि खूणच पुसून टाकली असती.

पण वाक्य यादीतले असले म्हणून ते खोटे ठरत नाही. शिक्षकाने मुलीची चूक पाहूनच यादीतले जुळणारे वाक्य निवडले असेल. म्हणून त्याला दुसरा आधार शोधायचा. गणिताची श्रेणी क-१ आहे, म्हणजे शंभरात एकावन्न ते साठ. इतर विषयांपेक्षा ती खाली आहे, तेव्हा गणितात काहीतरी अडते आहे इतके म्हणता येते. नेमके काय अडते, हे श्रेणी सांगत नाही. तिसरी-चौथीला साठ टक्के भार आकारिक मूल्यमापनावर असतो. जुलैमध्ये अकरा दिवस बुडाले तेव्हा वर्गातले काही काम हुकले असेल, तर त्यानेही श्रेणी उतरू शकते. मग वजाबाकीची गोष्ट पडताळायची कशी?

ते घरच्या घरी होते. मुलीला ५२ वजा २७ लिहून द्यावे. उत्तर २५ आले तर एक-दोन उदाहरणे आणखी द्यावीत. उत्तर ३५ आले तर चूक नेमकी कळली : दोनातून सात जात नाहीत, म्हणून तिने साताून दोन वजा केले आणि दशकाला हात लावलाच नाही. मोठ्या अंकातून लहान अंक काढायचा, ही या वयातली फार नेहमीची चूक आहे. आईला लिहिता-वाचता येत नसले तरी ही परीक्षा घेता येते. दहाच्या पाच नोटा आणि एकेक रुपयाची दोन नाणी मुलीच्या हातात द्यावीत आणि ‘मला सत्तावीस दे’ म्हणावे. दहाची एक नोट मोडून घेतल्याशिवाय ते देता येत नाहीत. ती नोट मोडायला मागते का, हे पाहायचे. पैशांत जमते आणि कागदावर चुकते, असे निघाले तर शिक्षकांना सांगायला तेवढी माहिती मोलाची आहे.

उपस्थितीचेही तसेच. ‘नियमित उपस्थिती आवश्यक’ हे वाक्य एकटे वाचले तर मुलगी सतत शाळा बुडवते असे वाटते. आकडे सांगतात की ती मुख्यतः जुलैतच घरी राहिली. जुन्नर-आंबेगावच्या पश्चिमेला जुलै म्हणजे भातलावणी आणि धो-धो पाऊस. मुलगी लावणीमुळे राहिली, ओढ्याला पाणी आले म्हणून राहिली की तापाने, हे पत्रकात नाही आणि आपण ते लिहायचे नाही. आईला ते ठाऊकच असते. गोषवाऱ्यात आकडा आला की कारण तिचे तिला आठवते.

सहा वाक्ये

गोषवारा सहा वाक्यांपेक्षा मोठा करू नये, आणि तो मोठ्याने वाचला तर अर्ध्या मिनिटात संपावा. पुष्कळ घरांत तो वाचला जात नाही, ऐकला जातो. मीही तो बहुतेक वेळा आवाजात पाठवतो. दोन बळे, एक-दोन सुधारणा, उपस्थितीची एक गोष्ट आणि शिक्षकांना विचारायचा एक प्रश्न, असा त्याचा साचा आहे. भाषा घरची असावी. ‘आकलन’, ‘उपयोजन’, ‘अभिव्यक्ती’ हे शब्द उताऱ्यात राहू द्यावेत, गोषवाऱ्यात आणू नयेत. वरच्या पत्रकाचा गोषवारा मी असा करीन :

‘मावशी, तुमच्या लेकीला वाचलेलं समजतं, विचारलं तर ती तोंडी उत्तरं सांगते. झाडापाल्याची नावं आणि उपयोगही ती सांगते, आणि परिसर अभ्यासात तिची श्रेणी वरची आहे. लिहिताना तिची जोडाक्षरं चुकतात. गणितात हातच्याची वजाबाकी चुकते असं लिहिलंय; तिथली श्रेणी मधली आहे. जुलैत अकरा दिवस शाळा बुडाली, बाकी महिन्यांत ती जवळजवळ रोज गेली. बाईंना विचारा : वाचनात सुधारणा हवी म्हणजे नेमकं काय, आणि वजाबाकी कुठं चुकते ते वहीत दाखवाल का?’

यातल्या प्रत्येक वाक्यावर बोट ठेवले तर उताऱ्यातली ओळ सापडते. ‘असं लिहिलंय’ हे दोन शब्द वजाबाकीच्या वाक्यातच आहेत, कारण ती नोंद आपल्याला संशयास्पद वाटली. आपला संशय आईपर्यंत न्यायचा नाही, पण नोंदीवर आपली मोहरही उठवायची नाही. ‘मधली’ हा शब्दही जपून वापरला आहे. ‘क’ हे अक्षर ऐकले की पालकाला तिसरा वर्ग, काठावर पास असे काहीतरी वाटते. नऊ श्रेणींत क-१ वरून पाचवी येते. तिच्या वर चार आणि खाली चार.

नोटा-नाण्यांची परीक्षा या सहा वाक्यांत नाही, हेही मुद्दाम. ती पत्रकात नाही, माझी सूचना आहे. ती वेगळ्या निरोपात, ‘हे मी सांगतोय’ असे म्हणून पाठवायची. शाळेने सांगितलेले आणि मधल्या माणसाने सुचवलेले एकत्र झाले, की आई शाळेत जाऊन ‘तुम्ही नोटा मोजायला सांगितल्या होत्या’ म्हणते, आणि बाईंना काही कळत नाही.

निरोप पाठवल्यावर शेवटची तपासणी करायची. आईला किंवा भावाला विचारायचे, ‘काय समजलं ते मला सांगा.’ परत आलेल्या सांगण्यात ‘नापास’, ‘मागं पडली’, ‘शाळेत जात नाही’ यांतले काही आले, तर गोषवारा शब्दाने बरोबर असूनही फसला. मग तेच वाक्य पुन्हा रचायचे. बहुतेक वेळा दोष ‘पण’ या शब्दात असतो. ‘तोंडी उत्तरं सांगते, पण लिहिताना चुकते’ असे म्हटले की ऐकणाऱ्याच्या मनात ‘पण’नंतरचेच राहते. म्हणून वरच्या निरोपात ‘पण’ नाही.

जे पत्रकावरून कळत नाही

काही मोह आवरावे लागतात. ‘सुधारणा आवश्यक’चा रकाना कोरा असेल किंवा तिथे नुसती आडवी रेघ असेल, तर ‘काही उणीव नाही’ असे सांगायचे नाही. ‘तिथं काही लिहिलेलं नाही’ एवढेच सांगायचे. ‘वर्गात बोलत नाही’ या नोंदीवरून मुलगी लाजाळू आहे असे ठरवायचे नाही. या पट्ट्यात ठाकर आणि महादेव कोळी घरांतली बोली पुस्तकातल्या मराठीपेक्षा वेगळी असते. मूल स्वभावाने गप्प आहे की त्याला वर्गाच्या भाषेत शब्द सापडत नाहीत, हे नोंद सांगू शकत नाही. ‘फळ्यावरचे उतरवताना चुका होतात’ असे असेल तर लिहिण्याचा दोष गृहीत धरू नये; तिला कुठे बसवतात आणि फळा नीट दिसतो का, असा प्रश्न सुचवावा. दोन मुलांच्या पत्रकांची तुलना तर कधीच करू नये. वेगवेगळ्या शिक्षकांनी लिहिलेली वाक्ये एका तराजूत बसत नाहीत.

२०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात समग्र प्रगतिपत्रकाची कल्पना आहे. त्यात शिक्षकांबरोबर मुलाचे स्वतःचे आणि सोबत्यांचेही मूल्यमापन असावे, असे म्हटले आहे. त्यामुळे नोंदी वाढतील आणि बोलणारेही वाढतील. पद्धत तीच राहील, फक्त उताऱ्यात आणखी एक रकाना धरावा लागेल : हे कोणी म्हटले. ‘मला गणित आवडत नाही’ हे मुलीचे वाक्य आणि ‘गणितात रस घेत नाही’ हे शिक्षकांचे वाक्य एक नव्हेत. गोषवाऱ्यात त्यांची सरमिसळ झाली तर मुलीने विश्वासाने लिहिलेली गोष्ट तिच्यावरचा ठपका होईल.

आश्रमशाळेतल्या मुलांच्या बाबतीत एक अडचण उरते. घोडेगावच्या एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाखालच्या आश्रमशाळांत मुले वसतिगृहात राहतात आणि पालकांची शाळेत जाणी-येणी सुट्टीच्या वेळीच होतात. गोषवाऱ्यातला शिक्षकांना विचारायचा प्रश्न मुलाला न्यायला-सोडायला गेल्यावर त्या पाच मिनिटांत विचारावा लागतो. म्हणून तो एकच असावा, आणि त्याचे उत्तर वहीत दाखवता येईल असा असावा. ‘मुलगी कशी आहे अभ्यासात?’ या प्रश्नाला ‘ठीक आहे’ हे उत्तर मिळते. ‘वजाबाकी कुठं चुकते ते दाखवा’ म्हटले की बाईंना वही उघडावी लागते, आणि आईला अक्षर वाचता येत नसले तरी लाल शाईची खूण दिसते.